स्टार नंतर बघू, आधी रजिस्ट्रेशन नंबर दाखवा

दर काही महिन्यांनी कुठेतरी बोगस डॉक्टर पकडल्याची बातमी येते आणि मग आमच्या ग्रुपवर ठरलेली भांडणं सुरू होतात. एक जण म्हणतो लोकांनी आधी रिव्ह्यू बघून जायला काय होतं, दुसरा म्हणतो रिव्ह्यू सगळे पैसे देऊन लिहून घेतलेले असतात, तिसरा म्हणतो सरकार काय झोपलंय का, आणि चौथा डॉक्टर असतो तो बिचारा सगळ्यांवर चिडून ग्रुप सोडतो. यात रिव्ह्यू खरे की खोटे यावर शंभर मेसेज पडतात, पण त्या माणसाचं नाव कुठल्या रजिस्टरात होतं का आणि असलं तर नक्की कशासाठी होतं हे कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे, ऑनलाइन डिरेक्टरीतली नोंद ही जाहिरात आहे, तिच्यातले स्टार खरे असले तरी त्यातून आपल्याला हवं ते उत्तर मिळत नाही, आणि अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी त्या नोंदीतलं नाव, डिग्री आणि नंबर सरकारी रजिस्टरशी जुळवून बघणं हे ज्याला शक्य आहे त्या प्रत्येकाने केलंच पाहिजे. आणि नुसता नंबर आहे का एवढं बघून चालत नाही, तो जुळतो का हे बघायचं, सगळा घोळ त्या जुळण्यातच असतो.

हे मी आमच्या घरातल्या अनुभवावरून सांगतोय. माझी मावशी नाशिकला असते. तिला मांडीवर गजकर्ण झालं, गोल लाल चट्टा, प्रचंड खाज. भावाने फोनवर शोधलं, घराजवळचाच दवाखाना निघाला, नावापुढे एम.डी., खाली स्किन अँड हेअर स्पेशालिस्ट, साडेचारच्या वर स्टार आणि शेकड्याने चांगले रिव्ह्यू. मलम मिळालं, तीन दिवसांत खाज गेली, मावशी खूश, तिने स्वतः पाच स्टार दिले. पंधरा दिवसांनी मलम बंद केलं तर चट्टा दुप्पट होऊन परत आला, परत तेच मलम, परत आराम, परत उलटलं, असे चार महिने गेले. शेवटी मी गेलो तेव्हा ट्यूबवरचं बारीक अक्षरातलं वाचलं, त्यात बुरशीचं औषध होतं, अँटिबायोटिक होतं आणि सोबत क्लोबेटासॉल नावाचं खूप स्ट्राँग स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लालसरपणा आणि खाज दाबून टाकतं म्हणून पेशंटला बरं वाटतं, पण त्याच वेळी त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी खाली आरामात पसरत राहते. कातडी पातळ होते, मांडीसारख्या जागी ताणल्याच्या रेघा उमटतात त्या नंतर जात नाहीत. मावशीच्या अजूनही आहेत.

आता रिव्ह्यूंच्या भांडणात मला जे म्हणायचंय ते इथे आहे. मावशीने दिलेले पाच स्टार खोटे नव्हते, कोणी पैसे दिले नव्हते, तिला खरंच तीन दिवसांत बरं वाटलं होतं. माणूस रिव्ह्यू लिहितो तो पहिल्या आठवड्यात, आणि स्टेरॉइडचा गुण दिसतो तोही पहिल्या आठवड्यातच. चार महिन्यांनी चिघळलेला पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो, तो मागे वळून जुना रिव्ह्यू बदलत बसत नाही. म्हणजे प्रामाणिक माणसांनी प्रामाणिकपणे लिहिलेले रिव्ह्यूसुद्धा चुकीच्या उपचाराला भरपूर मार्क देऊ शकतात, मग ते खरे की खोटे यावर रात्रभर वाद घालून काय मिळवलं आपण? दवाखाना स्वच्छ आहे का, थांबावं किती लागतं, डॉक्टर नीट बोलतात का, एवढ्यासाठी रिव्ह्यू वाचा, त्याला माझी ना नाही. माणूस त्वचारोगतज्ज्ञ आहे की नाही हे पेशंट सांगू शकत नाही, कारण ते पेशंटला माहीतच नसतं.

मग मी नंबर शोधायला बसलो. डिरेक्टरीत नंबर नव्हता, चिठ्ठीवर होता, पाच आकडी, पण कुठल्या कौन्सिलचा ते लिहिलेलं नव्हतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे जिथे एमबीबीएस आणि त्यापुढचे डॉक्टर नोंदवलेले असतात तिथे तो नंबर पाहिला तर भलतंच नाव निघालं, खूप वर्षांपूर्वी नोंदलेले दुसरेच कोणी डॉक्टर. मला वाटलं चोरलेला नंबर, सापडला चोर. पण घाई केली नाही ते बरं झालं, कारण आपल्याकडे रजिस्टर एक नाही. एमबीबीएसवाले महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधे, बीएएमएस आणि युनानीवाले महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमधे, बीएचएमएस होमिओपॅथी कौन्सिलमधे, दातांचे डॉक्टर डेंटल कौन्सिलमधे, आणि प्रत्येकाची नंबर द्यायची पद्धत वेगळी. मेडिकल कौन्सिलचे जुने नंबर नुसते आकडे आहेत, नंतरच्यांमधे आधी वर्ष, मग महिना, मग अनुक्रमांक असतो. त्यामुळे नुसता पाच आकडी नंबर दोन वेगळ्या रजिस्टरांत दोन वेगळ्या माणसांचा असू शकतो. होमिओपॅथीच्या यादीत पाहिलं तर नाव आणि नंबर दोन्ही जुळले. म्हणजे माणूस बोगस नव्हता, नंबर चोरलेला नव्हता, तो होमिओपॅथीचा रीतसर नोंदणीकृत डॉक्टर होता. पण स्किन स्पेशालिस्ट नव्हता. आणि ते एम.डी.? दवाखान्याच्या पाटीवर एम.डी. च्या पुढे कंसात बारीक अक्षरात ए.एम. लिहिलेलं होतं, अल्टरनेटिव्ह मेडिसिन. डिरेक्टरीत येता येता तो कंस गळून गेला होता.

म्हणून मी म्हणतो की बोगस या एका शब्दावर आपण सगळा वाद रचलाय तो शब्दच अपुरा आहे. दहावी नापास माणूस गळ्यात स्टेथोस्कोप घालून बसलाय अशा बातम्या वाचून आपल्याला वाटतं की धोका एवढाच. पण शहरात डिरेक्टरी बघून जाणाऱ्या माणसाला त्यापेक्षा हा दुसरा प्रकार भेटण्याची शक्यता जास्त वाटते मला, ज्यात डिग्री असते, नोंदणीही असते, फक्त पाटीवर लिहिलंय त्या विषयाची नसते. डिग्रीपुढचा कंस वाचायची सवय लावा. एम.डी. आयुर्वेद, एम.डी. होमिओपॅथी या त्यांच्या त्यांच्या शास्त्रातल्या खऱ्या पदव्या आहेत, त्यात कमीपणा काही नाही, पण त्या म्हणजे त्वचारोगातली एम.डी. नाही. रशिया किंवा आसपासच्या देशांत शिकून आलेल्यांच्या एम.डी. फिजिशियन या पदवीला आपल्याकडे एमबीबीएसच्या बरोबरीचं धरतात, ती इथली एम.डी. मेडिसिन नव्हे, आणि ते डॉक्टर परीक्षा पास होऊन रीतसर नोंदलेले असतात, फक्त पेशंटचा समज वेगळा होतो. त्वचेच्या डॉक्टरसाठी बघायचं असेल तर एमबीबीएसनंतर डर्मेटॉलॉजीची एम.डी., डीएनबी किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल असा डिप्लोमा, आणि तो रजिस्टरात जादा पात्रता म्हणून नोंदलेला आहे का हे बघायचं.

याच्यावर जे आक्षेप येतात ते मी हलक्यात घेत नाही, कारण त्यातले काही मला स्वतःला पटतात. सगळ्यात वजनदार आक्षेप हा की हे काम पेशंटचं नाहीच. पोट दुखतंय, ताप चढलाय, अशा माणसाने चार कौन्सिलच्या वेबसाइट उघडत बसायचं? कायदा आहे ना, नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०१९ च्या कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही लिहिलंय, मग पकडा आणि घाला आत. बरोबर आहे, पकडायलाच हवं. पण रजिस्टर मुळात काढलं कशाला हे बघा. इंग्लंडमधे १८५८ साली मेडिकल अ‍ॅक्ट झाला आणि त्यातून डॉक्टरांचं रजिस्टर आलं, त्या कायद्याच्या पहिल्याच वाक्यात हेतू दिलाय की वैद्यकीय मदत लागणाऱ्या माणसाला शिकलेला कोण आणि न शिकलेला कोण हे ओळखता यावं. ओळखणारा कोण? पेशंट. त्याच धर्तीवर आपल्या मुंबई इलाख्यात १९१२ साली कायदा होऊन कौन्सिल आणि रजिस्टर आलं. म्हणजे रजिस्टर हे लोकांनी उघडून बघावं म्हणून केलेलं पुस्तक आहे, शंभराहून जास्त वर्षं झाली आणि आपण ते कौन्सिलच्या कपाटातलं दफ्तर समजून बसलोय. जमीन घेताना आपण म्हणतो का की तलाठ्याचं काम आहे, मी कशाला सातबारा बघू? गावाकडचा न शिकलेला म्हातारासुद्धा आधी उतारा आण म्हणतो, फेरफार बघतो, बोजा आहे का विचारतो. तिथे आपल्याला कळतं की सरकारचं काम नोंद ठेवायचं आणि आपलं काम ती वाचायचं. अंगाला हात लावू द्यायचा त्या माणसाचा उतारा बघायला मात्र आपल्याला जड जातं.

तातडीच्या वेळेला हे लागू नाही हे मान्य. छातीत कळ आली तर जवळचं हॉस्पिटल गाठायचं, नंबर गेला खड्ड्यात. पण त्वचा, केस, दात, गुडघेदुखी, मूल होण्यासाठीचे उपचार, यासाठी आपण घरी बसून निवांत शोधतो, आठवडाभर विचार करतो, आणि डिरेक्टरीतून निवडलेल्या डॉक्टरांमधे भरणा याच विषयांचा असतो. दहा मिनिटं नक्की असतात.

दुसरा आक्षेप, नोंदणी आहे म्हणून डॉक्टर चांगला असतो असं थोडंच आहे? नसतं. पूर्ण मान्य. रजिस्टर एवढंच सांगतं की या माणसाने ही पदवी या विद्यापीठातून या साली घेतली आणि त्याला या पद्धतीने उपचार करायची परवानगी आहे. हात कसा आहे, निदान कसं करतो, पैशाचा लोभ किती, यातलं काही रजिस्टर सांगत नाही आणि सांगू शकणारही नाही. पण म्हणून ते बघायचं नाही हे कुठलं लॉजिक? ड्रायव्हिंग लायसन्स असणारे पण गाड्या ठोकतात, म्हणून बिनलायसन्सच्या माणसाच्या हातात आपण स्कूलबस देतो का? शिवाय परवानगी कशाची आहे याला कायद्यात केवढं वजन आहे ते १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात दिसतं. मुंबईतल्या एका पेशंटला ताप आला, त्याला होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरांनी अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली, पेशंट पुढे दगावला. कोर्टाने म्हटलं की ज्या पद्धतीची नोंदणी नाही त्या पद्धतीने उपचार केले हाच निष्काळजीपणा, आणि बायकोला तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. त्यानंतर २०१४ मधे महाराष्ट्राने कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी सीसीएमपी नावाचा एक वर्षाचा कोर्स आणला, त्यावरून डॉक्टरांच्या संघटनांमधे केवढं रण पेटलं आणि प्रकरण कोर्टात गेलं हे बातम्यांत आलंय. त्या वादात कोणाची बाजू खरी यात मी इथे शिरत नाही. तो कोर्स केला तरी माणूस त्वचारोगतज्ज्ञ होत नाही, माझ्या मुद्द्याला एवढं पुरे.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि तो बहुतेक वेळा डॉक्टरच मांडतात, की रजिस्टरं धड नाहीत, त्यामुळे चांगला डॉक्टर सापडला नाही म्हणून लोक त्यालाच बोगस ठरवतील. हे होतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या कितीतरी डॉक्टर बायका रजिस्टरात माहेरच्या नावाने असतात. महाराष्ट्रात नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते राहून गेलेलं असतं. nmc.org.in वरच्या Indian Medical Register मधे वारलेल्या डॉक्टरांची नावं अजून दिसतात, आणि तिथे मूळ एमबीबीएसची नोंद असते पण नंतर केलेली एम.डी. दिसतेच असं नाही. ऑगस्ट २०२४ मधे आधारशी जोडलेलं नवीन राष्ट्रीय रजिस्टर सुरू केलं, ते भरत जायला वेळ लागतोय, त्यामुळे त्यात नाव नाही याचा अर्थ काहीच होत नाही. आणि आपल्या आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग, चौधरी घ्या, किती प्रकारे लिहितात मोजा.

पण या आक्षेपाने शोधायचं कसं हे ठरतं, शोधू नका असं ठरत नाही. आधी नंबर मागायचा आणि सोबत कुठल्या कौन्सिलचा ते विचारायचं, मग त्या राज्याच्या कौन्सिलकडे, म्हणजे अ‍ॅलोपॅथीसाठी maharashtramedicalcouncil.in वर नंबरने बघायचं. नावाने नंतर, दोन-तीन स्पेलिंग करून, आडनाव आधी टाकून. नंबरवर जे नाव येईल ते, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पदवीचं साल आणि विद्यापीठ हे दवाखान्यातल्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटशी लावून बघायचं. वयाचा अंदाज हाही मोठा पुरावा असतो, चाळिशीतला माणूस समोर बसलाय आणि नोंदणी १९७८ ची निघतेय तर दुसऱ्याचा नंबर वापरलेला असू शकतो, कारण नंबर चोरणारे आपल्यासारख्याच नावाच्या जुन्या डॉक्टरचा नंबर उचलतात. आणि काहीच सापडलं नाही तर बोगस म्हणून ग्रुपवर फोटो टाकायचा नाही, दवाखान्यात फोन करून नोंदणीचं आणि नूतनीकरणाचं सर्टिफिकेट मागायचं, नाहीतर कौन्सिलला लिहून विचारायचं. माहेरच्या नावाने नोंद असलेल्या डॉक्टर एका वाक्यात सांगतील की नोंद त्या नावाने आहे, बघा. ज्याला तुम्ही कोण विचारणारे असं म्हणावंसं वाटतं त्याच्या उत्तरातूनच बरंच कळतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने २०२५ मधे दवाखान्यात लावायला क्यूआर कोड आणलाय ते चांगलंच झालं, फक्त स्कॅन केल्यावर उघडलेलं पान खरंच कौन्सिलच्या पत्त्यावर आहे का ते वर बघायचं, स्टिकर काय कोणीही छापू शकतो.

काही डॉक्टर मित्रांना नंबर विचारण्यात अपमान वाटतो. त्यांना मी हात जोडून एवढंच सांगतो की हा नियम तुमच्याच कौन्सिलचा आहे. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलंय की नोंदणी नंबर दवाखान्यात लावायचा, चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर आणि पैशाच्या पावतीवर छापायचा, आणि नावापुढे मान्यताप्राप्त पदव्याच लावायच्या. जो आधीच सगळीकडे लिहिलेला असायला हवा तो आकडा कोणी विचारला तर त्यात अविश्वास कुठला? आठ-दहा वर्षं रक्त आटवून, गावात बाँड पूर्ण करून ज्याने डर्मेटॉलॉजी केली त्याच्या शेजारीच डिरेक्टरीत कंस गाळलेला एम.डी. बसतो, तेवढेच स्टार घेऊन. नंबर विचारणारा पेशंट खरं तर त्या पहिल्या डॉक्टरचीच बाजू घेत असतो.

वकिलांचं थोडक्यात सांगतो कारण तिथे गोष्ट जरा सोपी आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एकच बार कौन्सिल आहे, सनद मिळाली की MAH ने सुरू होणारा, मधे अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष असा नंबर मिळतो, आणि तो वकीलपत्रावर लिहिलेला असतो. लोक लॉ झालंय म्हणजे वकील समजतात, पण १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे बार कौन्सिलच्या यादीवर नाव असल्याशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही. वकिलांना जाहिरात करायलाच बंदी आहे, स्वतःच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी नंबर, शिक्षण आणि कामाचा विषय एवढंच टाकायची मुभा २००८ पासून मिळाली, आणि २०२४ मधे मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन डिरेक्टरीतून वकिलांची कामं मिळवण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. मग डिरेक्टरीत नंबर वन डिव्होर्स लॉयर असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबून विचार करा. इथे एक सोय डॉक्टरांकडे नाही ती आहे, ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. जिल्हा निवडा, नाव टाका, खरंच त्या कोर्टात त्या प्रकारच्या केसेस चालवतात का ते दिसतं. सारख्या नावाचे वकील असतात म्हणून नंबरशी ताडून बघायचं एवढंच.

आता सरकारकडे आणि डिरेक्टरीवाल्यांकडे काय मागायचं? महारेराने हे करून दाखवलंय. बिल्डरच्या जाहिरातीत रेरा नंबर पाहिजे हा कायदा आहेच, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. आज फ्लॅट बघायला गेलेला माणूस आपोआप रेरा नंबर विचारतो, हे कोणी शिकवायला आलं नाही, जाहिरातीत दिसायला लागलं म्हणून विचारायला लागला. मग डॉक्टरच्या नोंदीलाच का नाही? नंबर आणि कौन्सिलचं नाव टाकल्याशिवाय नोंद दिसायलाच नको, पदवी कंसासकट पूर्ण लिहायची, आणि विषयासमोर स्पेशालिस्ट तेव्हाच जेव्हा जादा पात्रता रजिस्टरात असेल. डिरेक्टरीवर जो व्हेरिफाइडचा टिक दिसतो तो बऱ्याचदा फोन आणि पत्ता तपासल्याचा असतो, नोंदणी तपासल्याचा नाही, मग तिथे काय व्हेरिफाय केलं ते शब्दांत लिहायला लावा. आणि कौन्सिलांनी त्यांचं रजिस्टर नीट ठेवावं, चारही रजिस्टरं एका ठिकाणी मराठीतून शोधता यावीत, लग्नानंतरचं नाव जोडलेलं असावं, वारलेल्यांची नावं निघावीत. पेशंटने बघायचं ठरवल्यावर त्याला दिसलं पाहिजे ही जबाबदारी शंभर टक्के त्यांची आहे.

मावशीला नंतर आम्ही मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नेलं. तिथल्या मॅडमनी आधी ते मलम बंद करायला लावलं आणि सांगितलं की पहिले काही दिवस जास्त भडकेल, घाबरून परत लावू नका. तोंडातून घ्यायच्या गोळ्या दिल्या, टॉवेल आणि कपडे वेगळे धुवायला सांगितले, घरात अजून कोणाला आहे का विचारलं, तर काकांना होतं. दोन महिन्यांच्या वर लागले. चिठ्ठीवर मॅडमच्या नावाखाली नंबर छापलेला होता, मावशीने मला विचारलं हाच का तो नंबर, आणि ओपीडीच्या बाकावर बसूनच मी तिला तो टाकून दाखवला. एमबीबीएसचं साल आलं, खाली डर्मेटॉलॉजीची एम.डी. आली, आणि आडनाव माहेरचं होतं.